एका तासाला दोन शिक्षक : सर काय करणार, मॅडम काय करणार हे आधी लिहिलेलं असेल तरच पोराच्या हाती काही लागतं

तालुका प्रतिनिधी

जिल्हा परिषदेच्या शाळांत दिव्यांग मुलं आता गावातल्याच वर्गात, बाकीच्या पोरांसोबत बसतात. त्यांच्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात. हे शिक्षक फिरते असतात. त्यांच्याकडे अनेक शाळा असल्यामुळे एखाद्या शाळेच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस आला तरी पुष्कळ म्हणायचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाणही ठरवलं, की प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. ते प्रमाण गावापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. आज हातात आहे तो आठवड्यातला एक दिवस.

मग त्या एका दिवसात होतं काय? बऱ्याच ठिकाणी दोनच प्रकार दिसतात. एक म्हणजे मॅडम येतात, त्या पोराला वर्गातून उठवून व्हरांड्यात नेतात, चित्र रंगवायला देतात, आणि आत गणित चालू राहतं. दुसरा प्रकार म्हणजे मॅडम वर्गात त्याच्या बाकावर बसतात, सर फळ्यावर शिकवतात आणि मॅडम त्याच्या वहीत उतरवून देतात. वही भरते. घरी आई-बापाला वाटतं, पोरगं लिहायला लागलं. पण वही झाकून विचारलं तर त्याला काही सांगता येत नाही.

तिसरा मार्ग आहे तो सहअध्यापनाचा. म्हणजे विषय शिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी एकच तास दोघांनी मिळून घ्यायचा. ही पद्धत अमेरिकेतल्या शाळांत आधी रुळली. मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या दोघींनी तिचे सहा प्रकार मांडले, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही तेच सांगितले जातात. एक शिकवतो दुसरा निरीक्षण करतो, एक शिकवतो दुसरा मदत करतो, वर्गाचे दोन भाग करून दोघं तेच शिकवतात, वगैरे. नावं पाठ करण्यात आपल्याला रस नाही. शेतात दोन बैल एका जुवाला जुंपले म्हणजे नांगर चालतोच असं नाही, दोघांची चाल जुळावी लागते, आणि इथं ती चाल आधी कागदावर जुळवावी लागते.

आमच्या भागातल्या एका शाळेत पाचवीचा गणिताचा असा एक तास मागच्या बाकावर बसून पाहिला. शाळेचं आणि मुलांचं नाव देत नाही. कारण उघड आहे. पण तास कसा वाटून घेतला होता ते सविस्तर सांगतो, म्हणजे आपापल्या गावात काय बघायचं आणि काय विचारायचं ते कळेल.

आधी वर्ग बघा

वर्गात २२ मुलं. विषय सममूल्य अपूर्णांक. म्हणजे १/२ आणि २/४ दिसायला वेगळे, पण किंमत एकच. शेतकऱ्याला हे सांगायला नको. एकर ४० गुंठ्यांचा. एका भावाला अर्धा एकर दिला आणि दुसऱ्याला पाव-पाव एकराचे दोन तुकडे दिले, तर दोघांकडे २० गुंठेच येतात. पण मुलाच्या डोळ्यासमोर जमीन नसते, आकडे असतात. २ आणि ४ हे १ आणि २ पेक्षा मोठे दिसतात, म्हणून २/४ मोठा. ही चूक दिव्यांग मुलंच करतात असं नाही, निम्मा वर्ग करू शकतो.

२२ मध्ये दोन मुलं प्रमाणपत्र असलेली. एक मुलगी, तिला श्रवणयंत्र आहे. एक मुलगा, त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. दोघांची गरज वेगळी. मुलीला गणित समजतं, तिला आवाज नीट पोचला पाहिजे. मुलाला आवाज पोचतो, पण एका तासात त्याला पचेल एवढाच घास दिला पाहिजे. हा फरक आधी ओळखला नाही तर दोघांनाही एकच औषध दिलं जातं, ते म्हणजे मॅडमच्या शेजारी बसवणं.

मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो. त्यात या महिन्याचं उद्दिष्ट असं लिहिलं होतं : पूर्ण, अर्धा आणि पाव ओळखणं, आणि दोन पाव म्हणजे अर्धा हे पट्ट्या ठेवून दाखवणं, चार वेळा विचारलं तर निदान तीन वेळा बरोबर. बघा, ‘गणितात प्रगती करणे’ असं मोघम लिहिलेलं नाही. किती वेळा, कशाने, ते लिहिलंय. त्यामुळे त्या दिवशी वर्गात जे चाललं होतं त्यातच त्याचं काम बसलं. विषय तोच, पायरी खालची. त्याला रंगकामाला बाहेर पाठवायची वेळच आली नाही.

शनिवारचा वीस मिनिटांचा फोन

मॅडम मंगळवारी येणार होत्या. शनिवारी दोघांचं फोनवर वीसेक मिनिटं बोलणं झालं, आणि सरांनी आपल्या टाचण वहीत चार रकाने पाडले. मिनिटं, सर, मॅडम आणि ‘मॅडम नसताना’. एरवी टाचण एकट्याचं असतं. इथं दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी असल्यामुळे लगेच दिसतं की कोणाच्या वाट्याला काय आलं. मॅडमच्या रकान्यात ‘मदत करणे’ एवढंच लिहिलेलं असेल तर समजायचं, आराखडा झालेला नाही.

साहित्याची वाटणीही तेव्हाच झाली. मॅडमनी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून आणायच्या, प्रत्येक पट्टी २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद. २४ च का, तर त्याचे २, ३, ४, ६, ८ असे सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. भाकरी किंवा गोल कागद घेतला तर अर्धा आणि पाव जमतो, पण तीन किंवा सहा सारखे भाग करायला गेलं की मोठ्या माणसाचीही तारांबळ उडते. सरांनी काय करायचं, तर स्वाध्यायातली कोणती उदाहरणं घ्यायची ती निवडायची आणि शेवटचे तीन प्रश्न तयार ठेवायचे.

चाळीस मिनिटं कशी वाटली

पहिली पाच मिनिटं सरांची. फळ्यावर १/२ आणि २/४ लिहिलं आणि विचारलं, मोठा कोणता, की दोन्ही सारखे? बोलायचं नाही, पाटीवर लिहून पाटी वर धरायची. मॅडम बाजूला कागद घेऊन उभ्या. त्या कोणालाही काही सांगत नव्हत्या, फक्त नावं टिपत होत्या. हे बाहेरून बघणाऱ्याला रिकामं उभं राहणं वाटेल. पण शिकवणाऱ्याला २२ पाट्या एका नजरेत वाचता येत नाहीत, दुसऱ्याला येतात. सहा मुलांनी २/४ मोठा लिहिला. आपल्या मुलाची पाटी कोरी होती. श्रवणयंत्रवाल्या मुलीनं ‘सारखे’ लिहिलं होतं.

पुढची आठ मिनिटं दोघांची, पण आवाज एकाचाच. सर वर्गाकडे तोंड करून उभे राहिले आणि सांगत गेले : पट्टी घ्या, मधोमध घडी घाला, एक भाग रंगवा. मॅडम शेजारी उभ्या राहून मोठ्या पट्टीवर तेच करून दाखवत होत्या आणि फळ्यावर लिहायचं कामही त्यांच्याकडेच. यात एक बारीक गोष्ट आहे. शिक्षक फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलला की श्रवणयंत्र लावलेल्या मुलाचा अर्धा आधार जातो, कारण तो आवाजासोबत ओठही वाचत असतो. लिहिणारा आणि बोलणारा वेगळा झाला तर बोलणाऱ्याचं तोंड सतत समोर राहतं. यासाठी एक रुपया खर्च नाही.

मुलीची जागाही तशीच ठरवलेली. पहिल्या बाकावर, सरांपासून फार तर दीड मीटरवर, चांगला कान सरांच्या बाजूला. आणि सरांनी खिडकीला पाठ करून उभं राहायचं नाही. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ कळत नाहीत. मागच्या बाकावरच्या पोरानं उत्तर दिलं की सर ते स्वतः एकदा म्हणत होते, कारण यंत्राला मागचा आवाज आणि बाकं सरकवल्याचा आवाज यात फारसा फरक कळत नाही. सगळं मिळून मोठं ऐकू येतं.

दोन शिक्षक वर्गात असण्याचा धोका इथंच आहे. सर इकडे बोलतायत आणि मॅडम तिकडे एखाद्याला हळू आवाजात समजावतायत, असं झालं की ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, तिचंच सगळ्यात जास्त नुकसान. तिच्या यंत्रात दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. म्हणून टाचणात स्पष्ट लिहिलं होतं : एका खोलीत एका वेळी एकच आवाज.

तेराव्या मिनिटाला वर्ग फुटला. मॅडमनी सात मुलांना व्हरांड्यात घेतलं आणि दार लोटून घेतलं. हे सात कोण, तर पाटीवर चुकलेले सहा आणि कोरी पाटीवाला मुलगा. श्रवणयंत्रवाली मुलगी त्यात नव्हती. तिला येत होतं, तर ती कशाला बाहेर जाईल? बाहेर कोणी जायचं ते प्रमाणपत्र ठरवत नाही, त्या दिवशीची पाटी ठरवते. आणि सातातले सहा प्रमाणपत्र नसलेले असल्यामुळे ‘मॅडमनी बोलावलं म्हणजे हा वेडा’ ही जी पोरांची चिडवाचिडवी असते, तिला जागा राहिली नाही.

व्हरांड्यात चौदा मिनिटं काय झालं? मॅडमनी आकडे बाजूलाच ठेवले. प्रत्येकापुढं तीन पट्ट्या. एकीला एक घडी, एकीला दोन, एकीला तीन. म्हणजे दोन, चार आणि आठ भाग. पहिल्या पट्टीचा एक भाग रंगवायचा आणि बाकीच्या पट्ट्या खाली लावून बघायच्या, किती भाग रंगवले की तेवढीच लांबी होते. सगळ्यांना दिसलं की दोन पाव आणि चार अष्टमांश अर्ध्याच्या बरोबरीला येतात. त्यानंतरच आकडा लिहायचा. मुलाचं काम दोनच पट्ट्यांवर, अर्धा आणि पाव. त्याला विचारलं, अर्ध्याएवढं कर. तो थांबला. मॅडम बोलल्या नाहीत. त्यांनी नंतर सांगितलं की प्रश्न विचारल्यावर त्या मनात दहा आकडे मोजतात आणि तोवर हात पुढं करत नाहीत. आठेक आकडे झाले असतील तेव्हा मुलानं दुसरा पाव पहिल्याला चिकटवून ठेवला. आपण मोठी माणसं तीन आकड्यांच्या आतच उत्तर सांगून मोकळे होतो.

आत सरांकडे पंधरा मुलं. तिथं अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणायची रीत आणि स्वाध्यायातली उदाहरणं. त्यात वेगळं काही नव्हतं, नेहमीचा तास.

सत्ताविसाव्या मिनिटाला सगळे पुन्हा एकत्र, जोड्या करून. व्हरांड्यातून आलेल्या प्रत्येकाचा जोडीदार आतला. एकाकडे पट्टी, दुसऱ्याकडे वही. वहीतलं उत्तर पट्टीनं तपासायचं. आपल्या मुलाच्या हातात पट्टी होती आणि त्याच्या जोडीदारानं लिहिलेलं १/२ = २/४ बरोबर आहे की नाही हे त्यानं ठेवून दाखवलं. या आठ मिनिटांत दोघं शिक्षक फिरले, पण वाटणी करून. खिडकीकडची बाजू सरांची, दाराकडची मॅडमची. मुलगा दाराकडे नव्हता, खिडकीकडे होता. मुद्दाम. म्हणजे त्याच्याकडे सर जाणार. नाहीतर होतं असं की सर त्या पोराकडे वर्षभर बघतच नाहीत, कारण ‘ते मॅडमचं काम’.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीची. तीन प्रश्न. पहिला, १/२ बरोबर किती चतुर्थांश. दुसरा, आठ भागांची पट्टी काढलेली आहे, अर्ध्याएवढी रंगव. तिसरा, १/२ आणि ३/६ यात मोठा कोणता की सारखे, आणि कशावरून. मुलाला चिठ्ठी वेगळी नव्हती, पण लिहायची नव्हती. सरांनी त्याला पट्टीवर चार वेळा विचारलं. तीन वेळा बरोबर.

चिठ्ठ्यांनी काय सांगितलं

तास संपल्यावर दोघांनी मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. पाच-सात मिनिटांचं काम. लिहिणारी मुलं २१. पहिला प्रश्न १९ जणांचा बरोबर, दुसरा १८ जणांचा. तिसरा मात्र फक्त १० जणांचा. व्हरांड्यात गेलेल्या सहांपैकी पहिला सहाही जणांचा बरोबर, दुसरा पाच जणांचा, पण तिसरा एकाचाच.

आता नेहमीचं वाक्य काय असतं? ‘पोरं कच्ची आहेत.’ पण दोघांनी पट्ट्या बघितल्या तेव्हा कारण सापडलं. व्हरांड्यातल्या पट्ट्यांना घड्या पडल्या होत्या दोन, चार आणि आठ भागांच्या. सहा भागांची पट्टी एकाही मुलानं हातात धरली नव्हती. घडीवर घडी घातली की भाग दुप्पट होत जातात, सहा कधीच येत नाहीत. म्हणजे प्रश्न एका वाटेचा आणि तयारी दुसऱ्या वाटेची. तिसरा प्रश्न सरांनी ठरवलेला, पट्ट्या मॅडमनी ठरवलेल्या, आणि शनिवारच्या फोनवर या दोन गोष्टी एकमेकांपुढं ठेवल्या गेल्या नव्हत्या. दोघांनी मिळून शिकवताना हीच जागा नेमकी निसटते. प्रत्येकाचं काम चांगलं असतं, पण एकाच्या कामाचं टोक दुसऱ्याच्या कामाला लागत नाही.

यावर उपाय २४ सेंटिमीटरमध्येच होता. पट्टीला मधोमध एक घडी घातली की १२-१२ चे दोन भाग होतात. कंपासपेटीतली छोटी पट्टी घेऊन प्रत्येक भागात ४ आणि ८ सेंटिमीटरवर खूण केली की सहा सारखे भाग तयार. त्यातले तीन रंगवले की बरोबर घडीपर्यंत येतात. हे दुसऱ्या दिवशी सरांनी एकट्यानं घेतलं. पहिली दहा मिनिटं लागली.

चौथा रकाना

आता ज्या रकान्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो हा, ‘मॅडम नसताना’. मॅडम मंगळवारी येणार आणि पुन्हा पुढच्या मंगळवारी. मधले दिवस मुलगा सरांकडेच आहे. मॅडमची करामत त्यांच्यासोबत मोटारसायकलवर बसून निघून जात असेल, तर आठवड्यातला एक तास चांगला झाला एवढंच.

त्या रकान्यात चार ओळी होत्या. पट्ट्यांचा डबा वर्गातल्या कपाटात राहील, मॅडम परत नेणार नाहीत. मुलाचा जोडीदार तोच राहील, आठवडाभर बदलायचा नाही. सरांनी आठवड्यातून दोनदा मुलाला पट्टीवर चार प्रश्न विचारायचे आणि वहीच्या शेवटच्या पानावर बरोबर-चूक अशी खूण करायची. हे तीन मिनिटांचं काम आहे. आणि चौथी ओळ, मॅडमला बैठकीमुळे किंवा दुसऱ्या शाळेमुळे मंगळवारी येता आलं नाही, तर तास रद्द होणार नाही. पाट्यांची तपासणी सर स्वतः घाईत का होईना करतील, आणि बाकीची मुलं स्वाध्याय सोडवत असताना चुकलेल्यांना शेवटच्या दहा मिनिटांत वर्गातच कोपऱ्यात घेतील.

मागच्या पानावरच्या त्या खुणा मॅडमसाठी असतात. त्या आल्या की आधी ते पान बघतात. चारपैकी दोनच बरोबर येत असतील तर पुढची पायरी धरत नाहीत, चारपैकी तीन-चार सलग येत असतील तर पाऊण घेतात. पान कोरं असेल तर तेही कळतंच.

कुठं बिघडतं आणि ते ओळखायचं कसं

मॅडम हळूहळू वर्गातल्या मदतनीस होऊन बसतात, हा सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड. वह्या वाटा, हजेरी भरा, गोंगाट झाला की गप्प करा. ओळखायची खूण साधी आहे. पोरं ‘पाणी प्यायला जाऊ का’ हे कोणाला विचारतात बघा. सर आणि मॅडम दोघंही समोर असताना सगळी पोरं एकट्या सरांनाच विचारत असतील, तर पोरांच्या लेखी शिक्षक एकच आहे. मग मॅडमनी काही सांगितलं तरी वर्ग ते मनावर घेत नाही.

दुसरा बिघाड मायेतून होतो. मॅडम त्या एका पोराला चिकटून राहतात. त्याची खूण म्हणजे पोरगं वहीकडे न बघता मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून पेन्सिल टेकवतं. मॅडमची मान हलली की पुढं लिहितं. आणि शेजारचा मुलगा त्याच्याशी बोलतच नाही, कारण मध्ये मोठं माणूस बसलेलं असतं. अशा वेळी मॅडमनी दोन बाकं लांब जायचं, एवढाच उपाय आहे, आणि तो अवघड जातो.

तिसरी अडचण शिक्षकांच्या हातात नसते. आपल्याकडे दोनशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. एका सरांकडे दोन-दोन वर्ग. तिथं विशेष शिक्षक आले की त्यांना ‘तेवढा तिसरीचा वर्ग सांभाळा’ म्हणून दुसऱ्या खोलीत बसवलं जातं. मग सहअध्यापन उरतच नाही, बदली शिक्षक मिळाला एवढंच. अशा शाळेत वर सांगितलेला चाळीस मिनिटांचा आराखडा जसाच्या तसा चालणार नाही. त्यातल्या त्यात एक करता येतं. सरांनी एका वर्गाला लेखी काम लावून द्यायचं आणि दुसऱ्या वर्गाचे पंधरा-वीस मिनिटं दोघांनी मिळून घ्यायचे, तेही पाट्या, पट्ट्या आणि चिठ्ठी या तीन गोष्टींपुरते. पूर्ण तास नाही, पण व्हरांड्यातल्या रंगकामापेक्षा बरं.

पालकांनी शाळेत काय विचारायचं

ज्यांचं पोरगं अशा वर्गात आहे त्यांनी ‘कसं चाललंय’ असं विचारू नये. त्याला ‘चांगलं चाललंय’ एवढंच उत्तर येतं. विचारायचं ते असं : सर, याच्या वैयक्तिक आराखड्यात या महिन्याला काय लिहिलंय? मॅडम येतात तो वार कोणता? त्या आल्या नाहीत त्या दिवशी त्याचं कोण बघतं? आणि मागच्या पानावरच्या खुणा दाखवता का? यातला एकही प्रश्न भांडणाचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, तिथं हे मांडता येतं. पट्ट्यांसाठी जाड कागद किंवा व्हरांड्यात बसायला सतरंजी, असल्या गोष्टी समितीनं मनावर घेतलं तर एका बैठकीत सुटतात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा श्रवणयंत्रवाल्या मुलीला काहीच कळत नाही, हेही समितीत सांगून ठेवावं. तेवढ्या वेळापुरतं सरांनी फळ्यावर लिहून दाखवायचं, बोलण्यावर भर द्यायचा नाही.

बाकीच्या पालकांचीही एक तक्रार असते, ती मोकळेपणाने बोलली जात नाही. ‘त्या एकापायी आमच्या पोरांचं मागं पडतं.’ त्यांनी त्या सात जणांची यादी आठवावी. सातात सहा पोरं तुमची-आमचीच होती, आणि पाट्या टिपायला दुसरा माणूस नसता तर ती चुकलेली कोणाला दिसलीही नसती.

निघताना सरांच्या टाचण वहीत पुढच्या मंगळवारचं पान बघितलं. विषय अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. यावेळी रकान्यात नावं उलटी होती. पहिली तेरा मिनिटं मॅडम शिकवणार, पाट्या सर टिपणार, फळ्यावर सर लिहिणार. व्हरांड्यात मुलं घेऊन सर जाणार, आत मोठा गट मॅडमकडे. आणि चिठ्ठीच्या रकान्यात लाल पेनानं लिहिलेलं होतं : तिन्ही प्रश्न आधी पट्ट्यांवर करून बघणे.